व्हीपीएन लावलं आणि पान अडकलं

फी भरायचा शेवटचा दिवस होता. सांगलीहून धाकट्या भावाचा फोन सुरू होता, "ताई, भरलीस का?" मी मारतहळ्ळीतल्या आमच्या फ्लॅटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. ओटीपी टाकला, बटण दाबलं. नेमकं तेव्हाच ऑफिसमधून "ती फाईल लगेच बघ" असा मेसेज आला, म्हणून फीचं पान फिरत असतानाच मी व्हीपीएन चालू केलं. दुसऱ्या क्षणी स्क्रीनवर आलं: ERR_NETWORK_CHANGED. इकडे फोनवर बँकेचा मेसेज, पैसे गेले!

तिकडे ऑफिसचं जे पान दुपारपासून उघडं होतं, तेही हलेना. त्यावर एररसुद्धा नव्हती, नुसतं गोल चक्र फिरत होतं. नवीन साइट मात्र झटकन उघडत होत्या. म्हणजे इंटरनेट ठीक होतं. बिघडली होती ती फक्त जुनी पानं.

आमच्या भागात लोक पीजी फार पटापट बदलतात, त्यामुळे हे समजायला सोपं आहे. तुम्ही खोली बदललीत, पण पार्सल मागवताना जुना पत्ता दिला होता. पार्सल निघालं तरी तुमच्या हातात येणार नाही. घरच्या वायफायवर माझ्या लॅपटॉपचा पत्ता, समजा, 192.168.1.7 होता. व्हीपीएन लावल्यावर लॅपटॉपला आणखी एक आभासी नेटवर्क कार्ड मिळतं आणि त्याचा पत्ता वेगळा असतो, समजा 10.8.0.5. ब्राउझर आणि साइट यांच्यातली नेहमीची जोडणी, म्हणजे टीसीपी, चार गोष्टींवरून ओळखली जाते: दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट नंबर. जोडणी सुरू असताना यातलं काहीच बदलता येत नाही. माझ्याकडचा पत्ता किंवा रस्ता बदलला की जुन्या जोडणीवरून पाठवलेल्याचं उत्तर येणं बंद होतं.

मग दोन प्रकार होतात. क्रोमला पत्ता बदललेला दिसला, तर अर्धवट राहिलेली मागणी ते स्वतःच तोडतं आणि ती एरर दाखवतं. मला तर ही एरर प्रामाणिक वाटते, निदान काय झालं ते सांगते. त्रास देतो तो दुसरा प्रकार. जोडणी मेलेली असते, पण तसं कोणी सांगत नाही, आणि ब्राउझर तिला जिवंत समजून त्याच वाटेने मागणी पाठवत राहतो. उत्तर आलं नाही की संगणक पुन्हा पाठवतो, दर वेळी साधारण दुप्पट थांबून. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगवर हे पंधरा मिनिटांच्या आसपास चालू शकतं! तुम्ही रिफ्रेश दाबलंत तरी ब्राउझर कधीकधी तीच जुनी जोडणी वापरतो, म्हणून पुन्हा चक्रच.

हे ओळखायचं कसं? तेच पान इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. तिथे निदान लॉगिनचं पान लगेच आलं, तर नेट आणि साइट दोन्ही ठीक आहेत. दोष बहुधा जुन्या जोडणीचा, क्वचित जुन्या कुकीचा. मग क्रोमच्या पत्त्याच्या जागी हे टाइप करा:

```
chrome://net-internals/#sockets
```

तिथलं Flush socket pools दाबलं की जुन्या जोडण्या बंद होतात. उघडी कामं आधी सेव्ह करा, कारण चालू डाउनलोडही तुटू शकतं. ऑफिसची आतली साइट तरीही सापडत नसेल, तर शेवटी #sockets ऐवजी #dns लिहून Clear host cache दाबा. व्हीपीएन नसताना त्या नावाचा पत्ता मिळालेला नसतो किंवा वेगळा मिळालेला असतो, आणि तेच जुनं उत्तर काही वेळ लक्षात ठेवलेलं असतं. फोनवर वायफायवरून मोबाइल डेटावर गेल्यावर असंच अडकलं, तर दहा सेकंद एअरप्लेन मोड लावून काढा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पण तुम्ही काहीच बदललं नसताना ही एरर सारखी येत असेल, तर जोडण्या साफ करून उपयोग नाही. वायफाय तुटून पुन्हा जोडलं जातंय का, व्हीपीएन गुपचूप रीकनेक्ट होतंय का, ते बघा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर नसलेला राउटर हेच करतो, वीज दोन सेकंद गेली तरी.

आता फीचं. ERR_NETWORK_CHANGED चा अर्थ मागणी पोचली नाही असा होत नाही. उत्तर माझ्यापर्यंत आलं नाही, एवढंच त्यातून कळतं. बटण दाबलेलं साइटला कळलंही असेल. म्हणून रिफ्रेश केलं असतं किंवा परत "भरा" दाबलं असतं, तर फी दोनदा जायची भीती होती. मी व्हीपीएन बंद केलं, तो टॅब तसाच सोडला, नव्या टॅबमध्ये लॉगिन केलं आणि भरलेल्या रकमांची यादी उघडली.

भाऊ फोनवर श्वास रोखून होता. यादीत एकच नोंद होती, पावतीसकट. तिचा फोटो त्याला पाठवला, तर म्हणतो, "मग एवढा वेळ काय करत होतीस?"