फोटोतला अनोळखी माणूस पुसताना

गेटवे ऑफ इंडियाजवळच्या कठड्यापुढे उभ्या असलेल्या मावशींचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मागे बंदर, नांगरलेल्या होड्या, धूसर आकाश. मावशींच्या खांद्यापासून थोड्या अंतरावर निळ्या शर्टातला, हातात पिशवी घेतलेला एक माणूस कठड्याच्या कडेकडेने चालला आहे. फोटो एरवी सुरेख आला आहे, फक्त हा माणूस नको. पुसायचं साधन त्याच्यावरून फिरवलं की तो जातो खरा, पण कठड्यावर निळसर डाग उरतो. नीट पाहिलं तर फरशीवर शेजारीशेजारी दोन कबुतरं दिसतात, दोघांची मान तशीच वळलेली, पंखावरचा पट्टाही तोच. डाग का पडला आणि कबुतराला जुळं का झालं, याची कारणं वेगवेगळी आहेत. ती कळली की दोन्ही टाळता येतात.

त्या माणसामागे नेमकं काय होतं, हे फोटोत कुठेच नोंदलेलं नाही. म्हणून ही साधनं त्याच फोटोतला दुसरीकडचा तुकडा आणून तिथे बसवतात. क्लोन स्टँप तुकडा जसाच्या तसा आणतो. हीलिंग ब्रश तुकड्यातला पोत घेतो, रंग आणि उजेड मात्र नव्या जागेच्या आजूबाजूला पाहून ठरवतो. मोकळ्या आकाशात किंवा एकसारख्या फरशीवर हीलिंग ब्रशचं हे शहाणपण फार उपयोगी पडतं. पण भरायच्या जागेच्या कडेला निळ्या शर्टाची बारीकशी किनार जरी राहिली, तरी तो निळा रंग आजूबाजूचाच समजून ब्रश तो आत ओढतो. डाग पडतो तो असा.

म्हणून पहिलं काम म्हणजे निवड मोठी करणं. मोबाइल फोटो स्वतःच धारदार करतो, त्यामुळे माणसाच्या बाह्यरेषेभोवती एक फिकट कड उमटलेली असते. जेपीईजी फाइल चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबते, त्यातही त्याचा रंग थोडा बाहेर सांडतो. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत माणसाच्या बाहेर आठ-दहा पिक्सेल जागा घेतली तरच हे सगळं निवडीत येतं. त्याच निवडीत त्याची सावलीही घ्यायची. पाय पुसले आणि सावली ठेवली, तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, मग काय खटकतंय ते त्याला सांगता येवो न येवो.

पुढचं सगळं काम मूळ फोटोला हात न लावता, वर एक कोरा लेअर घेऊन करायचं. फोटोशॉपमध्ये क्लोन स्टँपला आणि हीलिंग ब्रशला नमुना 'Current & Below'मधून घ्यायला सांगितलं की हे जमतं. जिंप हा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात यासाठी 'Sample merged' आहे.

आता त्या माणसामागे काय काय आहे ते पाहू. पायांमागे फरशी, कमरेमागे कठड्याची वरची कड, छातीमागे पाणी, डोक्यामागे धूसर आकाश. बहुतेक लोक सरसकट वरून खाली ब्रश फिरवतात आणि कठड्याची कड वितळते. मी आधी रेषा जोडते, पृष्ठभाग नंतर. कठड्याची कड माणसाच्या डाव्या बाजूला स्वच्छ दिसते, तिच्यावर अचूक मध्यभागी नमुना घ्यायचा, आणि जिथे ती माणसाआड जाते तिथे तितक्याच अचूकपणे पहिला ठसा ठेवायचा. इथे हीलिंग ब्रश नको, क्लोन स्टँपच हवा, कारण हीलिंग ब्रश दगडाचा करडा आणि पाण्याचा हिरवट रंग एकमेकांत कालवतो. पाणी जिथे दूरच्या धुक्याला भिडतं ती रेषाही अशीच पुरी करायची. रेषा जुळल्या की मधले भाग वेगवेगळे होतात, आणि एकाचा रंग दुसऱ्यात जाण्याचं कारण उरत नाही.

ब्रशची कड किती मऊ असावी, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. अगदी कडक कडेने कापल्याची खूण राहते. पूर्ण मऊ कडेने दुसराच घोटाळा होतो: किनाऱ्याच्या पट्ट्यात जुना आणि नवा पोत अर्धा-अर्धा मिसळतो, दोन्हींचे बारीक दाणे एकमेकांना पुसतात आणि तेवढाच भाग गुळगुळीत दिसतो. आपण धब्बा म्हणतो तो पुष्कळदा रंगाचा नसतोच, हरवलेल्या दाण्यांचा असतो. पन्नास ते सत्तर टक्के कडकपणा मला बहुतेक जागी चालतो. पार्श्वभूमी धूसर असेल तर त्याहून कमी.

नमुना घ्यायचा कुठून? शक्यतो बाजूने, वरून किंवा खालून नाही. फरशीचे दगड कॅमेऱ्यापासून दूर जाताना लहान होत जातात, लाटाही तशाच बारीक होतात, आकाश क्षितिजाकडे फिकट होतं. त्याच उंचीवरून डावी-उजवीकडे सरकलं की आकार आणि उजेड बऱ्यापैकी जुळतात. फरशीत आणखी एक पथ्य आहे. त्या ओळीतला एक दगड ९० पिक्सेल रुंद असेल, तर नमुना ९०, १८० किंवा २७० पिक्सेल अंतरावरून घ्यायचा, तरच सांध्याला सांधा भिडतो.

जुळी कबुतरं नेमकी इथेच जन्माला येतात. 'Aligned' हा पर्याय बंद असेल तर दरवेळी ब्रश टेकवला की नमुना पुन्हा त्याच ठिकाणाहून सुरू होतो आणि तोच डाग ओळीने उमटत जातो. पर्याय चालू ठेवला तरी, ९० पिक्सेलवरून नमुना घेऊन २०० पिक्सेलचा पट्टा रंगवला, तर ब्रश आपणच नुकतं लावलेलं उचलू लागतो. म्हणून अंतर भरायच्या जागेपेक्षा मोठं ठेवायचं, आणि तीन-चार वेगळ्या ठिकाणांहून छोटे तुकडे घ्यायचे. नमुन्यात ओळखू येणारी वस्तू, म्हणजे कबुतर, पानाची पिंक, फुटका कोपरा, येऊच द्यायची नाही. आली तर ती प्रत लगेच साध्या दगडाने झाकायची. तुकडा आरशासारखा उलटवला की पुनरावृत्ती लपते असं सांगतात. पाण्यावर ते चालतं, दगडावर नाही, कारण डावीकडून येणारं ऊन त्या तुकड्यात उजवीकडून आल्यासारखं दिसतं.

हेच काम आपोआप करणारा 'Content-Aware Fill' फोटोशॉपमध्ये २०१० साली आला. तोही त्याच फोटोत मिळतेजुळते तुकडे शोधतो, त्यामुळे त्याच्या कामातही जुळं सापडतं. मावशींचा पदर किंवा चेहरा उचलून आणू नये म्हणून त्याला त्या भागातून नमुना घ्यायला आधीच मनाई करावी लागते. सुरुवातीचा भराव म्हणून तो चांगला आहे, कठड्याची कड मात्र मी त्याच्यावर सोडत नाही.

तपासायचं कसं? शंभर टक्के मोठं करून दाणे पाहावेत. भरलेला भाग गुळगुळीत वाटला तर फक्त त्या लेअरवर एक-दोन टक्के नॉइज द्यावा. मग फोटो अंगठ्याएवढा लहान करून पाहावा, कारण पुनरावृत्ती लहान चित्रात पटकन डोळ्यांत भरते. शेवटी वर एक कर्व्हज् लेअर टाकून काँट्रास्ट बेसुमार वाढवावा. एरवी न दिसणारे उजेडाचे ठिपके त्यात ढळढळीत दिसतात. ते दुरुस्त केले की तो लेअर काढून टाकायचा.

वेरूळच्या कैलास लेण्यात मात्र हा उपाय मी वापरत नाही. मंदिराच्या जोत्यावर कोरलेल्या हत्तींपैकी एखादा माणसाआड गेला, तर शेजारचा हत्ती तिथे बसवून तिथली खरी मोडतोड, खरी सोंड दाखवता येत नाही. अशा ठिकाणी पाय न हलवता आणखी दोन-तीन फोटो घ्यावेत, मधे काही सेकंद जाऊ द्यावेत. चालणारा माणूस दरवेळी वेगळ्या जागी असतो. ते फोटो लेअर म्हणून एकावर एक ठेवून 'Auto-Align Layers'ने जुळवायचे आणि वरच्या लेअरला मास्क लावून माणूस झाकायचा. तिथून खालच्या फोटोतला खरा दगड दिसतो, काही बनवावं लागत नाही. ऊन-सावली मधल्या काळात बदलली असेल तर तेवढ्यापुरता खालच्या लेअरचा उजेड सारखा करून घ्यावा लागतो.