विठोबाचा हात कमरेवरून कधी सुटतो?

दामाशेटी परगावी गेले आहेत. पंढरपुरातल्या त्यांच्या घरून रोज विठ्ठलाला नैवेद्य जातो, पण आज तो न्यायला लहानग्या नामाशिवाय कुणी नाही. गोणाई ताट वाढून त्याच्या हातात देते. नामा ते देवापुढे ठेवतो आणि देव जेवायची वाट बघत बसतो. देव जेवत नाही म्हणून तो रडकुंडीला येतो, हट्टाला पेटतो, आणि शेवटी विठोबा खरोखर जेवतो. संत नामदेवांच्या बालपणीची ही गोष्ट महिपतींच्या ‘भक्तविजया’ने १८व्या शतकात घराघरांत पोचवली आणि आजही आजी-आजोबा ती दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात. त्याच गोष्टीची पाच मिनिटांची अ‍ॅनिमेशन पटकथा लिहायला बसलं, की पहिल्याच पानावर प्रश्न पडतो: मुलांनी यातून नेमकं काय घ्यायचं?

‘हट्ट धरला की देवसुद्धा ऐकतो’ हा बोध सगळ्यात आधी हाताशी येतो आणि तोच सगळ्यात धोक्याचा आहे. सहा वर्षांचं मूल त्यातला देव बाजूला ठेवून हट्ट तेवढा उचलतं. पारंपरिक कथेत नामा ‘जेवला नाहीस तर डोकं आपटून घेईन’ असंही म्हणतो. ऐकताना ते वाक्य भक्तीच्या भरात वाहून जातं. पडद्यावर मात्र दगडी पायरीवर डोकं आपटणारं मूल दिसलं, तर बघणाऱ्या मुलाच्या लक्षात तेवढंच राहतं.

गोष्टीचं खरं बळ वेगळीकडे आहे. मोठ्यांसाठी नैवेद्य हा रोजचा उपचार झालेला आहे. ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं, हात जोडायचे आणि ताट घरी आणायचं. नामाला हा उपचार ठाऊकच नाही. आई म्हणाली, देवाला जेवू घाल. म्हणजे देव जेवला पाहिजे. ज्याच्यापुढे ताट ठेवलं तो उपाशी राहिला तर काम झालं कुठे? म्हणून या पटकथेसाठी बोधाचं वाक्य असं ठरवता येतं: दुसऱ्यापुढे काही ठेवायचं तर ते त्याच्या पोटात जावं म्हणून ठेवायचं. हे वाक्य पटकथेच्या वहीत पहिल्या पानावर लिहायचं आणि चित्रपटात कुणाच्याही तोंडी घालायचं नाही.

शेवटी निवेदकाने बोध सांगून टाकावा, असा आग्रह बहुतेक ठिकाणी होतो. बोध उघडपणे गाणारा एक उत्तम भारतीय अ‍ॅनिमेशनपट आहेच: विजया मुळे यांनी १९७४मध्ये केलेला ‘एक अनेक और एकता’. त्यातली चित्रं भीमसेन यांची. पण तिथे विषयच एक कल्पना आहे, आणि लहान भाऊ बहिणीला त्या कल्पनेबद्दल विचारतो म्हणून गाणं हे उत्तर ठरतं. नामाच्या गोष्टीत कुणी काही विचारत नाही. तिथे घडतं ते एक काम, आणि ते काम मुलाने डोळ्यांनी बघावं लागतं.

आता वेळेचा हिशेब. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर ७,२०० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटी टिकवायची पद्धत वापरली, तरी सतत हालचाल असेल तर ३,६०० चित्रं लागतात. निवेदक मिनिटाला साधारण १२० शब्द बोलतो, म्हणजे पाच मिनिटांत ६०० शब्द सहज मावतील. नवा लेखक नेमका इथेच चुकतो. तो ६०० शब्द भरतो आणि चित्राला बोललेलंच पुन्हा दाखवण्याखेरीज काम उरत नाही. या गोष्टीला संवाद आणि निवेदन मिळून अडीचशे ते तीनशे शब्द पुरतात.

वेळेची वाटणीही समसमान करून चालत नाही. घर, आई आणि वाढलेलं ताट यांना पाऊण मिनिट द्यावं. वाटेवर जेमतेम वीस सेकंद. ताट हिंदकळू नये म्हणून नामा पाय मोजून टाकतो, एवढंच त्यात दिसलं तरी त्याचा स्वभाव कळतो. त्यानंतर देवापुढचं वाट बघणं, आणि त्याला निदान दीड मिनिट हवं. हेच लोक आधी कापतात. मुलं कंटाळतील, अशी भीती असते. पण वाट बघणं सोसलं नाही, तर देव जेवला याचं मुलाला काहीच वाटत नाही. शिवाय त्यात बरीच चित्रं स्थिर असल्यामुळे हा भाग खर्चालाही हलका पडतो.

पटकथेत हा भाग असा उतरू शकतो:

दृश्य ४. गाभारा. दुपार.
ताटातल्या भातावरची वाफ विरत आली आहे. नामा हाताने माशी हाकलतो.
नामा : विठोबा, जेव ना. भात गार होतोय.
मूर्ती स्थिर. लांबून घंटेचा एक टोला.
नामा : मी आहे म्हणून लाजतोस का? बरं, नाही बघत.
दोन्ही हातांनी डोळे झाकतो. थोड्या वेळाने बोटांच्या फटीतून बघतो. ताट जसंच्या तसं.
नामा : आईने केलंय रे. तू नाही जेवलास तर मी तिला काय सांगू?
दारातून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवर सरकत त्याच्या पायापर्यंत येतो.
नामा : मग मीपण नाही जेवणार.

‘बराच वेळ गेला’ असं इथे कुणालाच सांगावं लागत नाही. वाफ, माशी आणि ऊन ते सांगतात. नैवेद्य दाखवताना पडदा ओढायची रीत आहे, तीच नामा आपल्या दोन हातांनी करतो. आणि डोकं आपटायच्या जागी तो स्वतः उपाशी राहायचं ठरवतो. परंपरेत हा एवढा फरक करायला हरकत नसावी. देव जेवेपर्यंत आपल्यालाही घास नको, ही ओढ तशीच राहते. शक्य असेल तर नामाचा आवाज खऱ्या लहान मुलाचाच घ्यावा आणि तो चित्रांच्या आधी ध्वनिमुद्रित करावा, कारण ओठांची हालचाल त्यावर बेतायची असते. ‘विठोबा’ म्हणताना ‘ब’ला ओठ मिटलेले दिसले नाहीत, तर संवाद वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

आता कळीची जागा. पंढरीचा विठोबा विटेवर, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे. मुलांनाही तो त्या हातांमुळेच ओळखू येतो. त्याला जेवायचं तर एक हात कमरेवरून काढावा लागणार, आणि अख्ख्या चित्रपटातली मोठी घटना हीच. म्हणून त्याआधी मूर्ती तसूभरही हलता कामा नये. डोळे मिचकावणं नको, आणि पुढे काय होणार याची चाहूल देणारं हसूही नको. एरवी अशी हालचाल अर्ध्या सेकंदात उरकते. इथे तिला पूर्ण दोन सेकंद, म्हणजे ४८ चौकटी द्याव्यात, आणि त्या वेळी संगीत थांबवावं. विजेचा लखलखाट आणि फुलांचा पाऊस पाडला की डोळा हातावरून ढळतो.

देवाला हलवायचंच नसेल तर आणखी एक वाट परंपरेतच आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या एकात हाच प्रसंग येतो. तिथे अन्नाच्या ताटाऐवजी दुधाची वाटी आहे. दूध घेतलं तर मूर्ती स्थिर ठेवून वाटीतली पातळी हळूहळू उतरताना दाखवता येते. दिसायला हे देखणं आहे आणि काढायला सोपं. पण एक उणीव राहते. विठोबाने हात पुढे केला की तो नामाकडे आल्यासारखा वाटतो. नुसती वाटी रिकामी झाली की तो चमत्कार होतो. चित्रपट पंजाबीतही न्यायचा असेल तर दुधाचा विचार जरूर करावा. मराठी मुलांसाठी मात्र हात हलवणंच बरं.

तपशिलात चुका कुठे होतात, तेही बघण्यासारखं आहे. नामदेवांचा जन्म १२७०चा मानतात. म्हणजे ताटात बटाट्याची भाजी नको, टोमॅटोची कोशिंबीर नको आणि कडेला हिरवी मिरचीही नको. या तिन्ही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज आल्यानंतरच त्या इकडे रुळल्या. भात, वरण, तूप आणि वाटीभर खीर, एवढं भरपूर झालं. दुसरी चूक मंदिराच्या दारात होते. आज महाद्वारातल्या पहिल्या पायरीला नामदेवांचं नाव आहे, म्हणून चित्रकार ती पायरी सजवून काढतो आणि छोटा नामा तिच्यावरून आत जातो. ती पायरी त्यांच्या समाधीची आहे! आठ वर्षांच्या मुलाला तिच्यावरून चालवत नेणं कुठल्याही वारकऱ्याला खटकेल. भाषेचंही तसंच. नामा ‘हे पांडुरंगा, भोजन ग्रहण कर’ असं म्हणू लागला की तो मूल राहत नाही. मराठी मूल देवाला अरे-तुरे करतं, आणि नामाला तर ते शोभूनच दिसतं.

देव जेवल्यावर गोष्ट संपत नाही. नामा रिकामं ताट घेऊन घरी येतो आणि आईचा विश्वास बसत नाही. प्रसाद म्हणून परत यायचं अन्न गेलं कुठे? पुढे दामाशेटी घरी आल्यावर तेही खात्री करून घेतात. पाच मिनिटांत ही दोन्ही प्रकरणं मावत नाहीत. गोणाईचं तेवढं ठेवावं आणि तिला चिडलेली दाखवू नये. ती ताट हातात घेते, वाटी उलटी करून बघते आणि विचारते, “नामा, सगळं कुणी खाल्लं?” “विठोबाने. खीर दोनदा मागितली त्याने.” या उत्तरावर मुलं खदखदून हसतात आणि वाट बघण्याचा ताणही उतरतो. गोणाईने त्याच्यावर विश्वास ठेवला की नाही, ते चित्रपटाने ठरवू नये.

चित्रं रंगवायच्या आधी पटकथेची एक चाचणी स्वस्तात होते. कच्ची रेखाटनं एकामागून एक लावायची, त्यावर तात्पुरता आवाज चढवायचा आणि पाच-सहा मुलांना ते दाखवायचं. त्यानंतर ‘काय शिकलात?’ असं विचारू नये, कारण त्यावर ‘देवावर श्रद्धा ठेवावी’ हे पाठ केलेलं उत्तर येतं. ‘आता हीच गोष्ट तू सांग’ असं म्हणावं. सांगणाऱ्याने ‘तो रडला म्हणून देव जेवला’ असं म्हटलं, तर रडण्याला जास्त वेळ दिला गेला आहे. तो कापायचा आणि माशी हाकलण्याला द्यायचा. विठोबाच्या हातापासूनच त्याने सुरुवात केली, तर चौथं दृश्य अजून पातळ आहे. आणि ‘भात गार होत होता ना, म्हणून तो देवाला सारखं सांगत होता’ असं कुणी आपणहून म्हणालं, तर चौथ्या दृश्याला आता हात लावू नये. चित्रकारांकडे द्यायला पटकथा तयार आहे.