पाटी पुसण्याआधी: गाडीचे ओटीए अपडेट

गाडी वर्कशॉपमध्ये न नेता तिच्यातले सॉफ्टवेअर मोबाइल नेटवर्क किंवा वाय-फायवरून बदलण्याच्या पद्धतीला ओव्हर-द-एअर, थोडक्यात ओटीए अपडेट म्हणतात. भारतात २०१९ मध्ये आलेल्या एमजी हेक्टरसारख्या ‘इंटरनेट कार’पासून हा शब्द शोरूममध्ये ऐकू येऊ लागला. सुरुवातीला त्यातून नकाशे आणि पडद्यावरची चित्रे बदलत. आता बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक, मोटर आणि बॅटरी सांभाळणारे सॉफ्टवेअरही याच वाटेने येते. त्याने काय साधते याचे ठळक उदाहरण २०१८ चे आहे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्ला मॉडेल ३ ची चाचणी घेतली, तेव्हा ताशी साठ मैलांच्या वेगावरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. कंपनीने अँटिलॉक ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून तो ओटीएने पाठवला आणि फेरचाचणीत तीच गाडी १३३ फुटांत थांबली. एकही नट फिरवावा लागला नाही.

आजच्या गाडीत एक संगणक नसतो, छोटे-छोटे बरेच असतात. त्यांना ईसीयू म्हणतात: एक ब्रेकचा, एक एअरबॅगचा, एक दारांचा, एक पडद्याचा. बाहेरच्या जगाशी बोलतो तो टेलिमॅटिक्सचा डबा, ज्यात गाडीचे स्वतःचे सिम असते. कंपनीच्या सर्व्हरवरून आलेली फाइल हा डबा उतरवून घेतो आणि साठवून ठेवतो. हे काम गाडी चालू असतानाही मागे चाललेले असते, आणि ते मध्येच तुटले तरी बिघडत काहीच नाही. नेटवर्क आले की उरलेला भाग उतरतो. फाइल पूर्ण आल्यावर तिच्यावरची डिजिटल सही तपासली जाते. सही कंपनीची नसेल किंवा फाइलमधला एखादा अंक जरी बदललेला असेल, तर फाइल नाकारली जाते. एवढे झाले, की पडद्यावर ‘अपडेट तयार आहे’ असा निरोप येतो. खरा धोका इथून पुढे असतो.

ईसीयूतली फ्लॅश मेमरी ही पाटीसारखी असते. नवे लिहायचे तर आधी जुने पुसावे लागते. ज्या ईसीयूत दोन पाट्या आहेत, तिथे चिंता कमी: जुने सॉफ्टवेअर एका पाटीवर चालू राहते, नवे दुसरीवर लिहिले जाते आणि पुढच्या वेळी गाडी सुरू होताना फक्त पाटी बदलते. नवी पाटी चालली नाही, तर जुनी आहेच. पडद्याच्या संगणकात सहसा अशी सोय असते. स्वस्त, लहान ईसीयूत मात्र अनेकदा एकच पाटी असते. ती पुसल्यापासून नवे लिहून होईपर्यंत त्या ईसीयूला आपले काम येत नाही. त्याच्याजवळ उरतो तो बूटलोडर नावाचा छोटा, न पुसला जाणारा भाग, ज्याला फक्त नवी फाइल घेणे तेवढे कळते.

ही अवस्था किती वेळ टिकते? गाडीतल्या जुन्या धाटणीच्या कॅन तारेवरून प्रत्यक्षात सेकंदाला पंचवीस-तीस किलोबाइट जातात असे धरले, तर चार मेगाबाइटच्या फाइलला अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. पुसणे, तपासणे, पुन्हा सुरू करणे हे वेगळे. असे सात-आठ ईसीयू एकामागून एक बदलायचे असतील, तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय ब्रेकचे नवे सॉफ्टवेअर आणि मोटरचे जुने यांची जोडी जमेलच असे नसते, म्हणून सगळे बदलेपर्यंत गाडी हलू दिली जात नाही.

या पाऊण तासात वीज पुरवते ती बोनेटखालची बारा व्होल्टची बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांची इथेच फसगत होते. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली दिसते, म्हणून ते निर्धास्त असतात. पण ईसीयू चालतात ते बारा व्होल्टवर, आणि अपडेटच्या वेळी काही गाड्यांमध्ये मोठी बॅटरी सुरक्षेसाठी तोडून ठेवलेली असते. म्हणजे छोटी बॅटरी भरायला कोणी नसते. हिशेब करून पाहता येईल. बॅटरीवर ४५ अँपिअर-तास छापलेले आहे. चार वर्षांत तिची धारणशक्ती २५ वर आली आणि गाडी आठवडाभर उभी राहिल्याने त्यातले निम्मेच शिल्लक आहे, असे समजा. जागे झालेले सगळे ईसीयू मिळून १५ अँपिअर ओढत असतील, तर चाळीस मिनिटांत दहा अँपिअर-तास संपतात. उरतात जेमतेम अडीच, आणि त्याआधीच व्होल्टेज इतके खाली येते की ईसीयू बंद पडू लागतात. वर्कशॉपमध्ये हेच काम करताना तंत्रज्ञ बॅटरीला बाहेरून वीजपुरवठा जोडतो, तो याचसाठी.

म्हणून इन्स्टॉलचे बटण दाबण्याआधी पहिला प्रश्न बारा व्होल्टच्या बॅटरीचा. गाडी नुकतीच अर्धा-पाऊण तास चालून आलेली असेल तर उत्तम. सकाळी स्टार्टर कुंथत असेल, किंवा पडद्यावर बॅटरीचा इशारा येऊन गेला असेल, तर आधी बॅटरी तपासून घ्यावी. डॅशकॅम काढावा. ओबीडी सॉकेटला लावलेला बाहेरचा डोंगलही काढावा, कारण तो त्याच तारेवर मध्येच बोलू शकतो.

दुसरा प्रश्न जागेचा. गाडी सपाट जागी, पार्किंगमध्ये आणि हँडब्रेक लावून उभी हवी. सोसायटीत दुसऱ्याची गाडी अडवून तर नकोच. तळघरात रेंज नसेल, तर काही गाड्या काम सुरूच करत नाहीत. चार्जिंगची गन लावावी की काढावी याचा नियम प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि तो पडद्यावरच्या सूचनेत लिहिलेला असतो. ती सूचना वाचायचा कंटाळा करू नये: अपडेट कशासाठी, वेळ किती, कोणत्या सोयी बंद राहतील हे मालकाला आधी सांगणे संयुक्त राष्ट्रांच्या आर-१५६ नियमानुसार बंधनकारक आहे. भारतात याच विषयाचे मानक एआयएस-१९० हे आहे. काम चालू असताना एसी, काचा आणि दारांची कुलपे दाद देतीलच असे नाही. मूल किंवा पाळीव प्राणी आत ठेवून अपडेट कधीही सुरू करू नये. पहाटे विमान गाठायचे असेल, तर आदल्या रात्रीही नको.

सही आणि बॅटरी दोन्ही सांभाळूनही चूक होऊ शकते, आणि ती कंपनीच्या टेबलावरची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीने चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची फाइल धाडली. गाड्या चालत राहिल्या, पण पडदे अडकून बसले. म्हणून सुरक्षेशी संबंध नसलेले अपडेट आले, तर चार-सहा दिवस थांबण्यात शहाणपण आहे. रिकॉलचे असेल, तर थांबू नये.

सुरू करण्याआधी सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा फोटो काढून ठेवावा. संपल्यावर नवा आकडा आला का, मीटरवर एखादा दिवा पेटून राहिला का, लेन-सहाय्य आणि आपोआप ब्रेक यांच्या सेटिंग बदलल्या का, हे गाडी रस्त्यावर काढण्याआधी बघावे. नवे आवडले नाही म्हणून जुने परत मागता येत नाही. जुन्या आवृत्तीतली भोके पुन्हा उघडू नयेत म्हणून बहुतेक गाड्या ती घेतच नाहीत. पडदा काळा झाला, तर सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वाट पाहावी. बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ करू नये. पाटी पुसलेली असेल, तर नेमका तोच घाव बसतो. त्यानंतरही गाडी जागी झाली नाही, तर बूटलोडर शाबूत असल्याने वर्कशॉपमध्ये तार जोडून सॉफ्टवेअर बहुधा पुन्हा भरता येते, पण तिथवर गाडी टोइंगनेच न्यावी लागते.