वजाबाकी कुठवर चालते?

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर, कऱ्हाड सुमारे १६०. मग सातारा ते कऱ्हाड किती? १६० वजा ११०, म्हणजे पन्नासच्या आसपास. रस्त्यावरचं अंतरही जवळपास तेवढंच आहे. कऱ्हाडला जाताना सातारा वाटेतच लागतो, त्यामुळे पुणे ते साताऱ्याचा तुकडा दोन्ही अंतरांत येतो आणि वजाबाकीत तो निघून जातो.

आता त्याच महामार्गावरचं लोणावळं घ्या. पुण्याहून ते सुमारे ६५ किलोमीटर. ११० मधून ६५ वजा केले तर लोणावळा ते सातारा ४५ किलोमीटर येतं, आणि हे उत्तर साफ चुकीचं आहे! लोणावळं पुण्याच्या मुंबईकडच्या अंगाला, सातारा कोल्हापूरकडच्या. मध्ये पुणं आहे. इथे बेरीज करायची: सुमारे १७५.

म्हणून आकडे हाताळण्याआधी एकच प्रश्न विचारावा: दोन्ही गावं शहराच्या एकाच बाजूला आहेत का? नकाशावर बोट ठेवलं की उत्तर मिळतं.

फाटा फुटला की मात्र दोन्ही हिशेब कोलमडतात. पुण्याहून सांगली आणि कोल्हापूर साधारण सारख्याच अंतरावर, सव्वादोनशेच्या पुढे. वजाबाकी जेमतेम काही किलोमीटर दाखवते. प्रत्यक्षात या दोन शहरांत पन्नासेक किलोमीटर अंतर आहे. कारण सांगलीची वाट पेठनाक्याला महामार्ग सोडते आणि तिथून पुढचा रस्ता दोघांचा वेगळा असतो.

दोन्ही अंतरं शहरातल्या एकाच ठिकाणापासून मोजलेली हवीत. एक स्वारगेटपासून आणि दुसरं शिवाजीनगरपासून धरलं, तर काही किलोमीटरची चूक उत्तरात येणारच.