सवलतीचा निरोप, अटींसह

दिवाळीच्या तोंडावर भेटवस्तूंच्या छोट्या दुकानातून ग्राहकांना जाणारा सवलतीचा निरोप आता बहुधा व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून जातो. एका यादीत जास्तीत जास्त 256 नंबर बसतात आणि ज्यांच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर सेव्ह आहे, त्यांनाच तो निरोप पोहोचतो. म्हणजे वाचणारे सगळे नेहमीचे गिऱ्हाईक असते. गल्ल्यावर त्यांच्याशी वाद घालावा लागणे दुकानाला परवडत नाही.

वाद बहुतेक वेळा ‘20 टक्क्यांपर्यंत सूट, अटी लागू’ अशा ओळीतून उभा राहतो. ‘पर्यंत’ हा शब्द नजरेतून सुटतो, 20 मात्र लक्षात राहतात. कशावर, किती खरेदीवर, जास्तीत जास्त किती आणि कधीपर्यंत, हे त्या ओळीत नाही. 2025च्या दिवाळीसाठी तोच निरोप असा लिहिता आला असता:

“17 ते 23 ऑक्टोबर, वसुबारस ते भाऊबीज. 1,000 रुपये किंवा त्याहून जास्त खरेदीवर 20 टक्के सूट, एका बिलावर जास्तीत जास्त 300 रुपये. चांदीची नाणी आणि मिठाईचे बॉक्स यांवर सूट नाही. 1,000 रुपयांत त्यांची किंमत धरली जाणार नाही. सूट छापील किमतीवर. सुटीत घेतलेली वस्तू बिल दाखवल्यास 30 ऑक्टोबरपर्यंत बदलून मिळेल. पैसे परत मिळणार नाहीत.”

यातली सर्वांत अवघड अट न चालणाऱ्या वस्तूंची. एका ग्राहकाने 900 रुपयांची फोटोफ्रेम आणि 250 रुपयांचा मिठाईचा बॉक्स घेतला, तर बिल 1,150 रुपये होते. पण सुटीसाठी धरायची खरेदी 900 रुपयांचीच, म्हणून सूट शून्य. ‘किंमत धरली जाणार नाही’ हे शब्द निरोपात नसतील, तर ग्राहक सुटीसाठी अडून बसेल आणि त्याचे म्हणणे रास्तच असेल. कमाल मर्यादेचेही तसेच. 1,500 रुपयांना पूर्ण 300 रुपये सुटतात, पण 2,000 रुपयांनाही 300च, म्हणजे प्रत्यक्षात 15 टक्के. म्हणून 300चा आकडा 20 टक्क्यांच्या शेजारीच हवा, तळाशी नव्हे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा लागतो आणि त्या खुलाशाने दाव्यालाच छेद देता येत नाही. वर मराठीत घोषणा आणि खाली इंग्रजीत अटी, ही सवय तिथेच अडते.

निरोप पाठवण्याआधी दुकानातल्या मदतनिसाला तो वाचायला द्यावा आणि 1,150 रुपयांचे हेच बिल करायला सांगावे. त्याचे आणि मालकाचे उत्तर वेगळे आले, तर निरोप पुन्हा लिहावा.