पैठणी कोणाला मिळणार? गिव्हअवेच्या अटी लिहिताना

गिव्हअवेच्या पोस्टमधून वाचणाऱ्याला चार गोष्टी कळायला हव्यात: भाग कोण घेऊ शकतो, कधीपर्यंत, विजेता कसा निवडला जाणार आणि बक्षीस हातात कसे पडणार. प्रत्यक्षात बऱ्याच पोस्ट साधारण अशा असतात: ‘दिवाळीनिमित्त पैठणी जिंका! पेज फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, स्टोरीला शेअर करा. १५ तारखेपर्यंत. लकी विनर लवकरच!’ इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानाची ही पोस्ट आहे असे समजू. पैठणीची किंमत १५,००० रुपये. या पाच ओळींत वादाला जागा कुठे कुठे आहे, हे एकेक अट घेऊन पाहता येते.

पहिला प्रश्न पात्रतेचा. ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिले की परदेशातल्या मराठी बायकाही भाग घेतात. मग दुबईतली विजेती म्हणते, साडी सांगलीला माझ्या आईकडे पाठवा. हे चालेल की नाही, ते आधीच ठरलेले हवे. ‘फक्त भारतातील रहिवासी’ आणि ‘भारतातील पत्ता देऊ शकणारे कोणीही’ या दोन निराळ्या अटी आहेत. दुकानाला अडचण फक्त परदेशी कुरियरच्या खर्चाची असेल, तर दुसरी अट पुरते. किमान वय, आणि दुकानातले कर्मचारी व त्यांचे घरचे लोक बाद आहेत का, हेही इथेच एका वाक्यात सांगावे.

भाग घेण्यासाठी जे करायला सांगितले, ते दुकानाला तपासता यायला हवे. फॉलोअर्सच्या यादीत नाव शोधता येते, कॉमेंट दिसते. स्टोरीचे तसे नाही. ती २४ तासांत उडते, आणि खाते खाजगी असेल तर दुकानाला दिसतही नाही. म्हणजे जिने स्टोरी टाकली आणि जिने टाकली नाही, त्यांत फरक करणे दुकानाच्या हातात नाही. अशी अट काढून टाकणे बरे. ‘५०० रुपयांच्या खरेदीवर’ ही अट तर अधिक जोखमीची. भाग घेण्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि निवड नशिबावर होते, म्हटले की लॉटरीचा प्रश्न उभा राहतो, आणि खाजगी लॉटरी चालवणे हा भारतात गुन्हा आहे. खरेदीचा संबंध नसेल, तर ‘खरेदीची गरज नाही’ हे स्पष्ट लिहावे. गिव्हअवेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही, तो दुकानाचा आहे, हे सांगणेही त्या कंपनीच्या नियमांनुसार आवश्यक असते.

‘१५ तारखेपर्यंत’ यात १५ तारीख धरायची का, असे निदान दहा जणी विचारतात. ‘१५ तारखेला रात्री १२ पर्यंत’ लिहिल्याने गोंधळ वाढतोच, कारण ती चौदाची मध्यरात्र की पंधराची, हे कळत नाही. ‘१५ ऑक्टोबर, रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत, भारतीय वेळेनुसार’ असे लिहिले की प्रश्न उरत नाही. दुबईत तेव्हा १० वाजून २९ मिनिटे झालेली असतात, हे तिथली बाई स्वतः काढून घेते. मोबाइलवर कॉमेंटशेजारी नेमकी वेळ दिसत नाही, ‘२ दिवस’ किंवा ‘१ आठवडा’ एवढेच दिसते. म्हणून मुदत संपताक्षणी सगळ्या नावांची यादी उतरवून ठेवावी. निकालाची तारीखही आताच द्यावी. ‘लवकरच’ ही तारीख नव्हे.

विजेत्याची निवड हा सर्वांत संशयाचा भाग. ‘सर्वांत जास्त लाइक मिळवणारी कॉमेंट’ असा निकष ठेवला तर विकतचे लाइक येतात. ‘आवडलेली कॉमेंट’ म्हटले, तर कोणाला आवडलेली, हे सांगावे लागते. सोडत सोपी. एका खात्याची एकच नोंद धरायची की प्रत्येक कॉमेंट वेगळी, हे पोस्टमध्येच सांगावे. समजा, पात्र खाती ४१२ निघाली. ती नावे स्प्रेडशीटमध्ये १ ते ४१२ क्रमांकाने लिहायची आणि एका रिकाम्या चौकटीत हे सूत्र टाकायचे:

```
=RANDBETWEEN(1,412)
```

जो आकडा येईल, त्या क्रमांकाचे नाव विजेते. एक खबरदारी घ्यावी: शीटमध्ये काहीही बदलले की हे सूत्र नवा आकडा देते. म्हणून यादी दाखवण्यापासून आकडा येईपर्यंतचे सलग चित्रण करावे आणि पहिलाच आकडा धरावा. चित्रण मध्येच तुटले, तर हवे ते नाव येईपर्यंत बटण दाबत बसले असतील, असे लोक म्हणणारच. त्याच बैठकीत दोन राखीव नावेही काढून ठेवावीत.

राखीव नावांचे काम बक्षीस पोचवताना पडते. विजेती संदेश पाहतच नाही, असे घडते. तिला ४८ तासांची मुदत द्यावी आणि त्यानंतर बक्षीस पहिल्या राखीव नावाकडे जाईल, असे लिहावे. कुरियरचा खर्च कोणाचा, किती दिवसांत पाठवणार, रंग फोटोतलाच की निवडता येईल, बदल्यात रोख मिळेल का, याची उत्तरे एकेका ओळीत मावतात. विजेत्याचे नाव जाहीर होताच दुकानाच्या नावाशी मिळतेजुळते खोटे खाते उघडून ‘डिलिव्हरी चार्ज’ मागणारे भामटेही असतात. त्यामुळे ‘आम्ही पैसे किंवा ओटीपी मागत नाही, संदेश फक्त याच खात्यावरून येईल’ ही ओळ अटींमध्ये हवीच.

पैठणीच्या किमतीमुळे आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे कर. सोडतीतल्या बक्षिसावर ३० टक्के आयकर लागतो. बक्षीस १०,००० रुपयांहून जास्त असेल, तर तो कापून भरण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते; वस्तू असेल, तर कर भरला गेल्याची खात्री झाल्यावरच ती द्यायची असते. १५,००० च्या पैठणीवर हे ४,५०० रुपये होतात. ते विजेतीने भरायचे असतील आणि पोस्टमध्ये तसा उल्लेख नसेल, तर ‘फुकट’ साडीसाठी साडेचार हजार मागितल्यावर भांडण ठरलेले. दुकान भरणार असेल तर तसे लिहावे, नाहीतर बक्षीस १०,००० च्या आत ठेवावे.

हे सारे ठरल्यावर पोस्ट अशी होते:

‘बक्षीस: फोटोतली पैठणी, किंमत ९,५०० रुपये. भारतातला पत्ता देऊ शकणाऱ्या १८ वर्षांवरील कोणालाही भाग घेता येईल. आमचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय वगळून. खरेदीची गरज नाही. पेज फॉलो करा आणि या पोस्टवर एक कॉमेंट करा. एका खात्याची एकच नोंद. मुदत: १५ ऑक्टोबर, रात्री ११.५९, भारतीय वेळ. सोडत १७ ऑक्टोबरला. चित्रण आणि निकाल याच पेजवर. विजेत्याने ४८ तासांत उत्तर न दिल्यास बक्षीस राखीव नावाला. पत्ता मिळाल्यापासून ७ दिवसांत कुरियर आमच्या खर्चाने. रंग बदलून किंवा रोख रक्कम मिळणार नाही. आम्ही पैसे किंवा ओटीपी मागत नाही. या गिव्हअवेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही.’

एकदा लोकांनी भाग घ्यायला सुरुवात केली, की यातले काही बदलू नये. मुदत वाढवलीच, तर ती आधीच्या मुदतीपूर्वी आणि सर्वांना दिसेल अशी जाहीर करावी. मजकूर गुपचूप दुरुस्त केला, तरी आधीच्या पोस्टचे स्क्रीनशॉट लोकांकडे असतात. निकाल मात्र जाहीर करावाच लागतो. बक्षीस योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागी लोकांपासून दडवणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून ज्या पेजवर पोस्ट टाकली, तिथेच विजेत्याच्या खात्याचे नाव ठळकपणे द्यावे. पत्ता आणि फोन नंबर मात्र खाजगी संदेशातच राहू द्यावेत.