पीसीआर उद्याचं सांगतो की आजचं?

सकाळी बाजार उघडण्याआधी कुठलंही व्यापारी चॅनल लावा, ‘निफ्टीचा पीसीआर १.४ झाला’ हे वाक्य कानावर पडतंच. पीसीआर म्हणजे पुट-कॉल रेशो. शिल्लक असलेल्या पुटच्या सौद्यांना शिल्लक कॉलच्या सौद्यांनी भागायचं. ८० लाख पुट आणि १ कोटी कॉल असतील तर पीसीआर ०.८. शिल्लक सौदे म्हणजे ओपन इंटरेस्ट, बाजारातल्या बोलीत ओआय. हे आकडे एनएसई रोज जाहीर करते, फुकट मिळतात, म्हणूनच बहुधा त्यांच्याभोवती एवढी भाकितं फिरत असतात.

अडचण अर्थापासूनच सुरू होते. पुट घेणारा बाजार पडेल म्हणून घेतो, तेव्हा पीसीआर वाढला की लोक धास्तावले, असं एक मत. त्याचा पुढचा भाग असा की सगळेच धास्तावले की बाजार वर जातो. दुसरं मत पुट विकणाऱ्याकडे, म्हणजे रायटरकडे, बघतं: बाजार पडणार नाही याची खात्री असल्याशिवाय तो एवढी जोखीम कशाला घेईल? म्हणून तेजी. आणि पीसीआर फारच चढला की हीच मंडळी ‘आता बाजार तापलाय, जपून’ म्हणतात. प्रत्येक ओआयमागे एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. पुढाकार कोणाचा, हे या आकड्यात दिसत नाही. बाजार कुठेही गेला तरी बरोबर ठरणाऱ्या अंदाजाची परीक्षा घेता येत नाही. त्यामुळे आकडे उघडण्याआधी आपला नियम कागदावर लिहून ठेवायचा. उदाहरणार्थ: संध्याकाळी पीसीआर गेल्या वर्षभरातल्या सर्वांत वरच्या दहा टक्क्यांत असेल, तर दुसऱ्या दिवशी निफ्टी वाढेल.

दुसऱ्या दिवशी, पण कुठपासून? इथे बहुतेक चाचण्या फसतात. दिवसअखेरचा ओआय बाजार बंद झाल्यावर हाती येतो. म्हणून मोजणी दुसऱ्या सकाळच्या उघडत्या भावापासून करायला हवी. आदल्या दिवसाच्या बंद भावापासून मोजलं, तर रात्रीत पडलेली झेप कुणालाच न मिळालेली असूनही नफ्यात धरली जाते. त्याच दिवसाच्या चढ-उताराशी पीसीआर ताडून पाहिला तर नातं झकास दिसतं, पण त्याचं कारण उलटं आहे: निफ्टी चढला की कॉल विकलेले घाबरून सौदे मिटवतात, वरच्या स्ट्राइकला नवे पुट विकले जातात, आणि पीसीआर वाढतो. म्हणजे भाव आधी हलतो, आकडा मागून येतो.

आठवड्याच्या एक्स्पायरीचा खोडा वेगळाच. समजा सर्व मुदतींचे मिळून १२० लाख पुट आणि १०० लाख कॉल शिल्लक आहेत, पीसीआर १.२. त्यातले ७० लाख पुट आणि ४० लाख कॉल आज संपले. उरले ५० आणि ६०, पीसीआर ०.८३. कुणाचंही मत बदललं नाही, तरी आलेखावर मंदीची घसरण दिसते. ओआयमधला ‘बदल’ मोजणाऱ्याने एक्स्पायरीचा दिवस वगळावा, किंवा एकाच मुदतीचे सौदे आधी आणि नंतर ताडून पाहावेत.

आता निकाल कसा वाचायचा ते एका काल्पनिक हिशेबात पाहू. नियमाचे २०० दिवस निघाले आणि त्यांतले ११२ वाढीचे, म्हणजे ५६ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण त्याच काळात कुठलाही दिवस वाढीचा असण्याचं प्रमाण ५४ टक्के असेल, तर डोळे मिटून निवडलेल्या २०० दिवसांतही १०८ वाढीचे निघाले असते. एवढ्या दिवसांत नुसत्या योगायोगाने सात दिवसांचा फरक इकडे-तिकडे पडणं नेहमीचंच. इथे फरक आहे चारचा. ‘वरचे दहा टक्के’ जमलं नाही म्हणून पाच, पंधरा, वीस करून पाहिलं, तर त्यातलं एखादं योगायोगानेच चमकेल. त्याला न पाहिलेल्या वर्षांवर चालवल्याखेरीज विश्वास ठेवू नये. शिवाय दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक वजा करायचाच.

तरीही ऑप्शनमध्ये माहिती मुळीच नसते, असं नाही. जुन पॅन आणि अ‍ॅलन पोटेशमन यांनी २००६ मध्ये अमेरिकी शेअर्सवर केलेल्या अभ्यासात कमी पुट-कॉल प्रमाणाचे शेअर जास्त प्रमाणाच्या शेअर्सपेक्षा पुढच्या आठवड्यात एका टक्क्याहून जास्त सरस ठरले. पण त्यांचं प्रमाण वेगळं होतं. त्यांच्याकडे शिकागोच्या ऑप्शन एक्स्चेंजची अशी नोंद होती, जिच्यात फक्त नवा सौदा उघडणारे खरेदीदार वेगळे काढता येत. भाकिताची ताकद सर्वांना न दिसणाऱ्या याच भागातून आली. आणि निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये त्यांना असा संकेत सापडला नाही. तर्काला ते पटतंही: एखाद्या कंपनीची आतली बातमी कुणाला असू शकते, आख्ख्या निफ्टीची कुणाला असणार? निफ्टीचे पुट तर मोठे फंड विम्यासारखे घेऊन ठेवतात, मताचा प्रश्नच नाही.

एनएसई रोज परदेशी संस्था, देशी संस्था, दलालांचे स्वतःचे सौदे आणि इतर ग्राहक अशी ओआयची फोड देते. तिच्यात घेतलेले आणि विकलेले सौदे वेगळे दिसतात. चाचणी करायचीच तर एकूण पीसीआरपेक्षा तिथून सुरुवात करावी. मात्र परदेशी संस्थेने विकलेला कॉल हा अंदाज आहे की हातातल्या शेअर्सचा बचाव, हे त्या तक्त्यातही लिहिलेलं नसतं.